पुस्तक मिळालं, पण ते वाचता येतंय का?

"दादा, फाईल उघडली. पण हे पुस्तक कुठल्या भाषेत बोलतंय?"

माझा मामेभाऊ अंध आहे आणि इतिहासात एम.ए. करतोय. त्याला तीनशे पानांचा एक मराठी संदर्भग्रंथ हवा होता. बऱ्याच खटपटीनंतर मला त्याची पीडीएफ मिळाली आणि मी ती लगेच पाठवून दिली. माझ्या पडद्यावर अक्षरं स्वच्छ, सुबक मराठी दिसत होती. त्याच्या स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला, मात्र त्याच जागी `ejkBh iqLrd` असलं काहीतरी मिळत होतं आणि तो इमानेइतबारे तेच वाचत होता. चूक स्क्रीन रीडरची नव्हती. मी चित्र बघून खूश झालो होतो आणि त्याच्या हाती चित्रामागचा मजकूर पडला होता.

पुस्तक शोधण्यात जेवढा वेळ जातो, तेवढाच ते खरंच वाचता येईल अशा रूपात आहे की नाही हे न तपासल्यामुळे वाया जातो. म्हणून या लेखात शोधायचं कुठे हे थोडक्यात सांगतो आणि सापडलेल्या फाईलचं काय करायचं यावर जास्त बोलतो. बहुतेक जण अडकतात ते तिथेच.

आधी वाचणाऱ्याला विचारा

'अंध माणसासाठी पुस्तक हवंय' म्हटलं की आपल्या डोक्यात एकदम ऑडिओ येतो. कादंबरीसाठी ते ठीक आहे. पण तळटीपा, सनावळ्या आणि विशेषनामं असलेला ग्रंथ नुसता ऐकून अभ्यासता येत नाही. एखादं नाव नेमकं कसं लिहिलंय हे ध्वनिमुद्रणातून कळत नाही, त्यासाठी अक्षरं हवीत. ती स्क्रीन रीडरने एकेक करून ऐकता येतात किंवा ब्रेलमध्ये बोटाखाली घेता येतात. माझ्या भावाचं उत्तर साफ होतं, "मला मजकूर दे. ऑडिओ मी माझा करून घेईन." उलट, साठीनंतर दृष्टी गेलेली आणि ब्रेल न शिकलेली व्यक्ती असेल तर माणसाच्या आवाजातलं पुस्तकच आधी शोधावं.

ऑडिओमध्येही दोन प्रकार आहेत. साधी एमपी३ फाईल म्हणजे न संपणारी एक पट्टी. त्यात चौथं प्रकरण शोधायचं तर अंदाजाने पुढे सरकत राहायचं. डेझी हा १९९६ साली सुरू झालेल्या डेझी कन्सोर्टियमने घडवलेला प्रकार वेगळा आहे. त्यात आवाजाला प्रकरणं, उपप्रकरणं आणि पान क्रमांक जोडलेले असतात. 'पान १४७ वर जा' म्हटलं की वाचणारा थेट तिथे पोचतो. काही डेझी पुस्तकांत फक्त आवाज असतो, काहींत फक्त मजकूर, तर काहींत दोन्ही एकमेकांशी जुळवलेले असतात. ग्रंथालयातून पुस्तक उतरवून घेताना हे बघून घ्या. 'डेझी' एवढंच वाचून मजकूर गृहीत धरलात तर फसगत होते.

कुठे शोधायचं

मी ठरावीक क्रमाने शोधतो. आधी अंध वाचकांसाठीची ग्रंथालयं, मग विक्रीची ई-पुस्तकं, मग प्रकाशक आणि सगळ्यात शेवटी स्वतःचा स्कॅनर. प्रत्येक पुढच्या पायरीला मेहनत वाढत जाते, म्हणून हा क्रम.

ग्रंथालयांमध्ये सगळ्यात मोठं बुकशेअर. २००२ पासून चालू आहे आणि त्यात दहा लाखांहून जास्त पुस्तकं आहेत. भरणा इंग्रजीचा असला तरी इतर भाषाही आहेत, आणि एकच पुस्तक डेझी, ईपब म्हणजे वाहत्या मजकुराचं ई-पुस्तक, ब्रेल अशा वेगवेगळ्या रूपांत उतरवता येतं. मराठीसाठी सुगम्य पुस्तकालय हे २०१६ मध्ये सुरू झालेलं ऑनलाईन ग्रंथालय आधी बघावं. या ग्रंथालयांचं सभासदत्व छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांपुरतंच असतं आणि दृष्टिदोषाचा पुरावा मागितला जातो. हा कागदी सोपस्कार पुस्तक हवं असेल त्या आठवड्यात नको, आधीच उरकून ठेवा. खातं वाचणाऱ्याच्याच नावावर काढा, तुमच्या नाही.

स्वामित्वहक्क संपलेल्या पुस्तकांसाठी लिब्रिव्हॉक्स आहे. तिथे स्वयंसेवकांनी वाचलेली पुस्तकं कुणालाही, कसलाही पुरावा न देता ऐकता येतात. इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या मराठी पुस्तकांचे स्कॅन भरपूर सापडतात, पण तिथला मजकूर यंत्राने ओळखलेला असतो. त्याची परीक्षा खाली दिली आहे, ती घेतल्याशिवाय तो पुढे पाठवू नका.

शोधताना मराठीत एक खास अडचण येते. 'ॲ' हे अक्षर संगणकात दोन प्रकारे लिहिलं जातं, एक सलग अक्षर म्हणून किंवा 'अ'वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखीच, पण शोधयंत्राला वेगळी. 'ऱ्या'मधल्या 'ऱ'चंही तसंच. त्यामुळे नावात असं अक्षर असेल तर तो शब्द गाळून उरलेल्या शब्दांनी शोधा. मग लेखकाच्या आडनावाने शोधा, रोमन लिपीतल्या दोन-तीन स्पेलिंगनी शोधा, आणि छापील प्रत हाताशी असेल तर तिच्यावरचा आयएसबीएन टाका. आमचा ग्रंथ मला आडनावाच्या तिसऱ्या स्पेलिंगला सापडला. पण ती जुनी आवृत्ती निघाली आणि भावाच्या अभ्यासक्रमात सुधारित आवृत्ती होती. पान क्रमांक जुळेनात, म्हणून ती बाद.

विकतच्या ई-पुस्तकांत मुख्य प्रश्न एकच, आतला मजकूर वाहता आहे की पानांची चित्रं आहेत? किंडलच्या पुस्तकाच्या माहितीत `Screen Reader: Supported` ही ओळ शोधा. गूगल प्ले बुक्सवर `Flowing text` असेल तर उत्तम. फक्त `Scanned pages` किंवा `Original pages` असेल तर पैसे देऊ नका. दोन्हीकडे नमुना फुकट उतरवता येतो. तो विकत घेण्याआधी वाचणाऱ्यानेच त्याच्या फोनवर, टॉकबॅक किंवा व्हॉईसओव्हर हा फोनमधला स्क्रीन रीडर चालू ठेवून उघडावा. सलग तीन पानं आपोआप उलटत वाचली गेली तर पुस्तक घ्या. ऐकण्याची व्यावसायिक पुस्तकं, म्हणजे स्टोरीटेलसारख्या सेवा, कथा-कादंबऱ्यांसाठी छान आहेत. संदर्भग्रंथ तिथे शोधण्यात वेळ घालवू नका.

पाच मिनिटांची परीक्षा

फाईल मिळाली की मी आता सगळ्यात आधी हे करतो. पीडीएफ उघडायची, मधल्या एखाद्या पानावर जायचं, मजकूर निवडायचा, `Ctrl+C` करायचं आणि नोटपॅडमध्ये `Ctrl+V`. नोटपॅडमध्ये जे उमटेल, ढोबळमानाने तेच स्क्रीन रीडरला मिळणार आहे.

काहीच उमटलं नाही किंवा निवडताच आलं नाही, तर ते पान म्हणजे फोटो आहे. त्यावर ओसीआर करावं लागेल, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घ्यावी लागतील.

रोमन अक्षरांचा पसारा उमटला, तर फाईल युनिकोड या आजच्या सर्वमान्य पद्धतीच्या आधीच्या फाँटमध्ये आहे. कृतिदेव, श्रीलिपी या फाँटांमध्ये रोमन अक्षराच्या जागेवर देवनागरीचं चित्र बसवलेलं असतं. कृतिदेवमध्ये `e` या जागी 'म' काढलेला आहे, `j` च्या जागी 'र', `k` च्या जागी काना. म्हणून 'मराठी' हा शब्द फाईलमध्ये `ejkBh` असा साठवलेला असतो आणि 'पुस्तक' असतो `iqLrd`. फाँट नेमका कोणता हे बघायला ॲक्रोबॅट रीडरमध्ये `Ctrl+D` दाबून `Fonts` हा भाग उघडा. वर्डची फाईल असेल तर अंध वाचक स्वतःही तपासू शकतो. एनव्हीडीए या संगणकावरच्या स्क्रीन रीडरमध्ये `NVDA+F` दाबलं की फाँटचं नाव बोललं जातं.

देवनागरी उमटली, तरी लगेच हुरळून जाऊ नका. पीडीएफमध्ये बऱ्याचदा पहिली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं जागा सोडतात. 'निर्मिती', 'धर्म', 'क्षत्रिय', 'ज्ञान', 'वाऱ्यावर' अशा शब्दांपैकी चार-पाच त्या मजकुरात शोधा. वेलांटी एक अक्षर मागे किंवा पुढे गेली असेल, रफार सुटा पडला असेल किंवा 'क्ष'च्या जागी चौकोन असेल, तर माणूस डोळ्याने सावरून घेतो, पण आवाज अडखळतो आणि ब्रेलमध्ये तर सरळ चुकीचे ठिपके उठतात. असा मजकूर दुरुस्त करत बसण्यापेक्षा पानांची चित्रं काढून त्यांवर ओसीआर केलेलं अनेकदा स्वस्त पडतं.

आमची फाईल दुसऱ्या प्रकारची होती.

प्रकाशकाला काय मागायचं

अशा वेळी फाँट कळला की त्याच फाँटसाठी बनवलेला परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. मी आधी तेच केलं. कृतिदेवमधल्या अक्षरांच्या जागा ठरलेल्या असल्यामुळे ऐंशी-नव्वद टक्के मजकूर चटकन सुधारला. पण जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. पीडीएफने ओळी तोडल्या असतील तिथे परिवर्तकाला हे उलटवता येत नाही. शिवाय ग्रंथातल्या तळटीपा वेगळ्याच फाँटात होत्या आणि तिथे पुन्हा गिचमिड.

मग त्या ग्रंथाच्या प्रकाशन संस्थेला पत्र लिहिलं. इथे शिकलो ते असं, की 'सॉफ्ट कॉपी द्या' म्हणू नये. छपाईला गेलेली पीडीएफच हातात पडते. मागायचं ते टाइपसेटिंगच्या आधीचं हस्तलिखित, म्हणजे लेखकाकडून आलेली वर्डची फाईल, आणि ती नसेल तर जुळणीच्या फाईलमधला नुसता मजकूर आणि फाँटचं नाव. पत्रात वाचणारा कोण, कशासाठी हवंय आणि फाईल दुसऱ्याला दिली जाणार नाही, एवढं तीन ओळींत लिहावं. माराकेश कराराचा उल्लेख करायलाही हरकत नाही. २०१३ मध्ये झालेला हा करार अंध आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या इतर लोकांसाठी, हक्कधारकाची परवानगी न घेता सुलभ प्रती बनवायची आणि त्या देशोदेशी पाठवायची मुभा देतो. २०१४ मध्ये त्याला सर्वांत आधी भारताने मान्यता दिली आणि ३० सप्टेंबर २०१६ पासून तो लागू झाला. ही मुभा अशा वाचकांपुरतीच आहे. बनवलेली फाईल सगळ्या वर्गाच्या ग्रुपवर टाकायला ती उपयोगी नाही.

आम्हाला उत्तर आलं ते दीड महिन्याने, 'शोधतो' एवढंच. भावाची एम.ए.ची परीक्षा त्याआधी होती.

स्वतः स्कॅन करायची वेळ आली तर

पहिला निर्णय पानांचा. मी भावाला म्हटलं, "अख्खं पुस्तक करायला माझे दोन महिने जातील. तुला नेमकं काय हवंय?" त्याने तीन प्रकरणं आणि शेवटची सूची सांगितली, मिळून नव्वद पानं. हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावा. एक पान ओळखून, तपासून, नीट करायला मला आठ-दहा मिनिटं लागतात. नव्वद पानांचे पंधरा तास होतात आणि तीनशे पानांचे पन्नास.

स्कॅन ३०० डीपीआयला, करड्या रंगात करा. रंगीत स्कॅनने फाईल फुगते, फायदा काही नाही. २०० डीपीआयला अनुस्वार आणि मात्रा पुसट होतात आणि मराठीत तिथेच अर्थ बदलतो. फोनने फोटो काढणार असाल तर पान सपाट दाबा आणि फोन पानाला समांतर धरा. पुस्तकाच्या शिवणीकडे वाकलेल्या ओळींची शेवटची दोन-तीन अक्षरं हमखास बिघडतात.

ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे गूगल ड्राइव्ह. फाईल चढवायची आणि ती गूगल डॉक्सने उघडायची. मराठी चांगलं ओळखतो. मोठी फाईल एकदम दिली की तो मध्येच थांबतो, म्हणून दहा-दहा पानांचे तुकडे करून द्या. संगणकावर घरीच करायचं असेल तर टेसरॅक्ट फुकट आहे. पीडीएफची चित्रं काढून एकेक पान असं ओळखता येतं:

```
pdftoppm -r 300 -gray -png pustak.pdf pan
tesseract pan-047.png pan-047 -l mar+eng
```

`mar+eng` अशासाठी की ग्रंथात इंग्रजी नावं आणि संदर्भ होते. शुद्ध मराठी पुस्तकाला नुसतं `mar` द्या, नाहीतर तो पूर्णविरामाच्या जागीसुद्धा इंग्रजी अक्षरं शोधत बसतो.

'९८ टक्के अचूक' हे ऐकायला भारी वाटतं. पण एका पानावर साधारण १८०० अक्षरं-चिन्हं धरली तर दोन टक्के म्हणजे ३६ चुका, ओळीला एखादी तरी. आणि चुका वाटेल त्या नसतात, ठरलेल्या असतात. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, व आणि ब यांची अदलाबदल होते. 'ख'चा 'रव' होतो. 'ऱ्या'चा 'र्‍या' झाला तर चालतो, पण 'र्या' झाला की वाचणाऱ्याला 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतला फरक कळत नाही. शब्दतपासणी चालू करून लाल रेघा बघितल्या तर निम्म्या चुका सापडतात. उरलेल्या अशा असतात की चुकीचा शब्दही खरा शब्दच निघतो. भावाने मला अशी एक पकडून दिली. पुस्तकात 'धन' होतं, आमच्या फाईलमध्ये 'घन'. "राजाने मंदिराला घन दिलं म्हणजे हातोडा दिला का रे?" सनावळ्या तर मी मूळ पानाशी एकेक ताडून बघतो, कारण '१' आणि '९' यांची गल्लत शब्दतपासणीला कधीच कळत नाही.

मजकूर कानाला नीट लागेल असा करणं

चुका काढल्या म्हणजे काम झालं असं वाटतं, पण तसं नाही. छापील पानावर जे सहज दुर्लक्षित होतं ते आवाजात टोचतं.

पहिलं, प्रत्येक ओळीच्या शेवटी ओळ तुटलेली असते आणि आवाज तिथे थांबतो. वाक्य तुकड्यातुकड्यांत ऐकू येतं. वर्डमध्ये `Ctrl+H` उघडा आणि क्रमाने चार बदल करा. आधी `-^p` च्या जागी काहीच नाही, म्हणजे ओळीच्या शेवटी तोडलेले शब्द जोडले जातात. मग `^p^p` च्या जागी `@@`, मग `^p` च्या जागी एक मोकळी जागा आणि शेवटी `@@` च्या जागी `^p`. परिच्छेद शाबूत राहतात, ओळी जुळतात. हे करण्याआधी परिच्छेदांच्या मध्ये खरंच रिकामी ओळ आहे ना हे बघा, नाहीतर अख्खं प्रकरण एकच परिच्छेद होऊन बसेल. माझं एकदा झालं होतं.

दुसरं, प्रत्येक पानाच्या माथ्यावरचं पुस्तकाचं नाव आणि प्रकरणाचं नाव. ते काढलं नाही तर एखाद्या लढाईच्या वर्णनात मध्येच ग्रंथाचं नाव ऐकू येतं, नव्वद वेळा. ते सगळं काढा, पण पान क्रमांक काढू नका. विद्यार्थ्याला संदर्भ द्यायचा असतो आणि क्रमांक नसेल तर त्याला डोळस मित्राकडे जावं लागतं. मी पान जिथे सुरू होतं तिथे 'पान १४७' अशी स्वतंत्र ओळ टाकतो आणि तिला सहाव्या पातळीच्या शीर्षकाची शैली देतो. प्रकरणांना पहिली पातळी देतो, वर्डमध्ये `Ctrl+Alt+1`, आणि उपशीर्षकांना दुसरी, `Ctrl+Alt+2`. नुसतं जाड आणि मोठं केलेलं शीर्षक स्क्रीन रीडरला शीर्षक वाटत नाही. शैली दिली की एनव्हीडीएच्या ब्राउझ मोडमध्ये `1` दाबून पुढच्या प्रकरणावर आणि `6` दाबून पुढच्या पानावर उडी मारता येते.

तळटीपा पानाच्या तळातून उचलून वर्डच्या खऱ्या तळटीपा करा, म्हणजे `Alt+Ctrl+F`. नाहीतर त्या पुढच्या पानाच्या वाक्यात घुसतात. नकाशा असेल तर त्याच्या जागी दोन वाक्यांत तो काय दाखवतो ते लिहा. हे काम कंटाळवाणं आहे आणि मी ते शेवटी ठेवतो, हेही कबूल करतो.

मग वर्डपासून ईपब. डेझी कन्सोर्टियमचं वर्डटूईपब हे साधन फुकट आहे आणि वर्डमध्येच बसतं. ज्यांना आज्ञा टाइप करायची सवय आहे त्यांना पॅनडॉक:

```
pandoc pustak.docx -o pustak.epub --metadata lang=mr --metadata title="पुस्तकाचं नाव"
```

`lang=mr` विसरू नका. भाषा सांगितली नाही तर स्क्रीन रीडर त्याच्या मूळ आवाजात, बहुधा इंग्रजी किंवा हिंदी आवाजात, वाचायला लागतो. हिंदी आवाज देवनागरी वाचतो खरा, पण 'ळ', 'चमचा'तला 'च' आणि शब्दाच्या शेवटचे अनुस्वार ऐकून मराठी माणूस दोन पानांत वैतागतो. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक एनजीमध्ये मराठी आवाज आहे. तो यांत्रिक आहे, कानाला गोड मुळीच नाही, पण वेग तिप्पट केला तरी अक्षर न् अक्षर सुटं ऐकू येतं. फोनवर गूगलचा मराठी आवाज जास्त माणसासारखा वाटतो. भाऊ कादंबरी गूगलच्या आवाजात ऐकतो आणि अभ्यास ईस्पीकवर करतो. ईपब आणि डेझी दोन्ही उघडायला संगणकावर थोरियम रीडर आणि फोनवर डॉल्फिन ईझीरीडर चांगले. दोन्ही फुकट.

ब्रेल हवं असेल तर

आता त्याच नीट केलेल्या फाईलपासून ब्रेल काढणं सोपं आहे, पण आकाराचा अंदाज आधी घ्या. भारती ब्रेलमध्ये प्रत्येक व्यंजनाला आणि प्रत्येक मात्रेला वेगळी खूण लागते, आणि जोडाक्षराआधी हलन्ताची खूण येते. 'पुस्तक' हा शब्द प, उकार, हलन्त, स, त, क असा सहा खणांचा होतो: ⠏⠥⠈⠎⠞⠅. नेहमीच्या ब्रेल पानावर ४० खणांच्या २५ ओळी बसतात, म्हणजे हजार खण. शब्द ओळीच्या शेवटी तोडत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात साडेआठशेच्या आसपास भरतात. १८०० चिन्हांचं एक छापील पान म्हणजे दोन ब्रेल पानांहून थोडं जास्त. तीनशे पानांच्या पुस्तकाची सव्वासहाशेच्या वर ब्रेल पानं होतात, दोन्ही बाजूंनी उठवली तरी जवळपास तीनशे वीस जाड कागद. ऐंशी कागदांचा एक खंड धरला तर चार खंड. म्हणून अख्खा ग्रंथ कागदी ब्रेलमध्ये मागण्याऐवजी सूची, सनावळी, तक्ते असा जो भाग पुन्हा पुन्हा हाताखाली लागतो तेवढाच छापून घ्यावा.

ब्रेल डिस्प्ले असेल, म्हणजे ठिपके वरखाली होणारी पट्टी, तर कागदाचा प्रश्नच नाही. पण इथे एक खोच आहे. ग्रंथालयातून बीआरएफ नावाची तयार ब्रेल फाईल मिळते. ती ४० खणांच्या ओळींसाठी आखलेली असते. २० खणांच्या डिस्प्लेवर ती उघडली की एक ओळ पूर्ण, पुढची अर्धवट, मग पुन्हा रिकाम्या जागा असं चालतं. अशा वेळी बीआरएफ नको, ईपब घ्या आणि ब्रेलमध्ये रूपांतर स्क्रीन रीडरकडूनच करून घ्या. एनव्हीडीए त्यासाठी लिबलुई ही प्रणाली वापरतो आणि तिच्यात मराठीचा तक्ता आहे. ब्रेल सेटिंगमध्ये तो निवडला नाही तर देवनागरीच्या जागी भलतेच ठिपके उठतात. 'डिस्प्ले बिघडला' म्हणून तो परत पाठवायच्या आधी हे एकदा बघा.

पुस्तक देण्याआधी

मी फाईल पाठवण्याआधी पडदा बंद करून स्वतः ऐकतो. `NVDA+Down` दाबलं की सलग वाचन सुरू होतं. पूर्ण नाही, सुरुवातीची दोन पानं, मधलं एखादं तळटीपांनी भरलेलं पान आणि सूचीचं एक पान. मग पान क्रमांकांवर उड्या मारून बघतो, मधले गाळले गेले नाहीत ना. आमच्या त्या ग्रंथात पान १६२ आणि १६३ स्कॅन करताना चिकटले होते. मला ते पुस्तक बघून कळलं नव्हतं, `6` दाबत गेल्यावर १६१ नंतर थेट १६४ बोललं तेव्हा कळलं. ती दोन पानं पुन्हा स्कॅन केली आणि फाईल रात्री पाठवली. सकाळी भावाचा निरोप आला, "पान १५८, तळटीप तीन. 'भोज'चं 'मोज' झालंय. बाकी चालू आहे."